जर्नलमध्ये कॉलनी कशी लिहावी: रावेरच्या केळीच्या मातीची एक प्लेट

मायक्रोबायॉलॉजीच्या जर्नलमधला 'कॉलनी कॅरेक्टर्स'चा तक्ता जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांतल्या मुलांना तोंडपाठ असतो. साइझ, शेप, कलर, मार्जिन, एलिव्हेशन, ओपॅसिटी, कन्सिस्टन्सी आणि शेवटी ग्राम कॅरेक्टर व मोटिलिटी. रकाने पाठ असतात, पण रकान्यात काय भरायचे हे मात्र पाहून ठरत नाही. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये जे होते तेच उतरते: राउंड, व्हाइट, स्मूथ, कॉन्व्हेक्स, एन्टायर.

मी एम.एस्सी.ला असताना हीच चूक केली. मातीतून वेगळे केलेले तीन आयसोलेट स्लँटवर ठेवले होते. एका संध्याकाळी बाक पुसताना स्पिरिटचा बोळा नळ्यांना लागला आणि मार्करने लिहिलेले नंबर गेले. वही उघडली तर तिन्हींपुढे मी 'व्हाइट, राउंड, स्मूथ' लिहिलेले. तिन्ही परत स्ट्रीक करून पाहिले तेव्हा एक कोरडी, एक चिकट आणि एक लोण्यासारखी निघाली. म्हणजे फरक पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता, वहीत मात्र कुठेच नव्हता. तीन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले.

तेव्हापासून वर्णनाची एकच कसोटी मी मानते, आणि विद्यार्थ्यांनाही तीच लावायला सांगते. वही शेजारच्या बाकावरच्या मुलाला किंवा मुलीला द्यायची, प्लेट समोर ठेवायची आणि म्हणायचे, 'यातली मी लिहिलेली कॉलनी दाखव.' बरोबर बोट ठेवले तर वर्णन झाले. दोन-तीन कॉलन्यांवर बोट फिरत राहिले तर काहीतरी लिहायचे राहिले आहे.

खाली सगळे एका प्लेटच्या आधाराने सांगते. रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेतली काळी माती, खोडापासून वीतभर अंतरावर, वरचा कोरडा थर बाजूला सारून चार बोटे खालून घेतलेली. दहा ग्रॅम माती ९० मिलिलिटर सलाइनमध्ये हलवून घेतली, पुढे दहा-दहा पटीने विरळ केली आणि लाखपट विरळ केलेल्यातले ०.१ मिलिलिटर न्यूट्रिएंट अगारवर स्प्रेडरने पसरवले. प्लेट ३० अंश सेल्सिअसला ठेवली.

आधी प्लेट वर्णनाच्या लायकीची आहे का ते पाहा

कॉलनीचे रूप जीवाणूवर अवलंबून असतेच, पण ते मीडियम, तापमान, वय आणि शेजारी यांवरही अवलंबून असते. दाटीतली कॉलनी लहान राहते आणि शेजारणीच्या बाजूने चपटी होते. म्हणून वर्णनासाठी अशी कॉलनी निवडायची, जिच्या चहूबाजूंना निदान सेंटीमीटरभर जागा रिकामी आहे. कडेला प्लेटच्या भिंतीला टेकलेली कॉलनी घ्यायची नाही. पोअर प्लेट असेल तर अगारच्या आत अडकलेल्या कॉलन्या मसुराच्या दाण्यासारख्या दोन्हीकडे निमुळत्या दिसतात. त्यांना 'स्पिंडल' म्हणतात. हा आकार जीवाणूचा स्वभाव नसतो, त्या वर वाढू शकल्या नाहीत म्हणून तो आलेला असतो. वर्णन नेहमी पृष्ठभागावरच्या कॉलनीचे करायचे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. अगार फार गरम असताना ओतला की झाकणाच्या आतून पाणी धरते. ते थेंब अगारवर पडले की कॉलन्या पसरून एकमेकींत मिसळतात, आणि नीट गोल कॉलनीसुद्धा वेडीवाकडी दिसते. अगार ४५ ते ५० अंशांवर आला की ओतायचा. फ्लास्क हाताच्या पाठीला लावला तर गरम लागावा, पण चटका बसू नये. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये १५ ते २० मिलिलिटर पुरे. पावसाळ्यात प्लेटा रात्रभर उलट्या ठेवून वाळवल्याशिवाय मी वापरत नाही. काठ इरेग्युलर आहे असे वाटले की आधी तिथे पाण्याचा ओघळ दिसतो का ते पाहायचे. ओघळ असेल तर काठ एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसतो. जीवाणूचा स्वतःचा वाकडेपणा सगळ्या बाजूंनी सारखा असतो.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगायला हवी. जर्नलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहू नका. पुस्तकात त्याचा अर्थ २५ अंशांच्या आसपास असतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुपारी बंद खोली चाळिशीला टेकते, आणि जानेवारीच्या पहाटे तीच खोली थंडगार असते. सेरेशिया मार्सेसेन्सचे उदाहरण घ्या. हा जीवाणू २५ ते ३० अंशांना गडद लाल रंग तयार करतो आणि ३७ अंशांना बहुतेक वेळा फिकट किंवा पांढरा राहतो. एकच स्ट्रेन हिवाळ्यात 'लाल' आणि उन्हाळ्यात 'पांढरा' म्हणून नोंदला जाईल, आणि दोन्ही विद्यार्थी प्रामाणिक असतील. इन्क्युबेटरचा आकडा लिहा. वीज गेली असेल तर किती तास गेली तेही लिहा.

तेव्हा पानाच्या डोक्यावर, वर्णनाच्या आधी, इतके हवेच: नमुना, मीडियम, किती पट विरळ, तापमान, आणि प्लेट ठेवल्याची व पाहिल्याची वेळ. 'दुसऱ्या दिवशी पाहिली' हे पुरेसे नाही. सोमवारी संध्याकाळी पाचला ठेवलेली प्लेट मंगळवारी सकाळी दहाला पाहिली तर ते सतराच तास होतात.

पाहण्याचा क्रम

झाकण उघडून थेट लूप लावायची घाई नको. हात लागला की कॉलनीचा काठ आणि उंची दोन्ही जातात. आधी बंद प्लेट पाहायची: वरून, खालून, बाजूने. मग बर्नरजवळ झाकण थोडे उचलून दहा पटीच्या भिंगातून. शेवटी निडल, आणि तीही दुसऱ्या, तशाच दिसणाऱ्या कॉलनीला. ज्या कॉलनीचे वर्णन पूर्ण होऊन उद्या पुन्हा पाहायची आहे तिला आज अजिबात शिवायचे नाही.

वास घ्यायचा नाही. जुन्या तक्त्यांत वासाचा रकाना असायचा आणि काही शिक्षक अजूनही विचारतात. मातीतून काय उगवले हे अजून माहीत नसते, आणि मातीत रोगकारक जीवाणूही असतात. तो रकाना कोरा ठेवा.

उजेड तीन तऱ्हेने वापरता येतो. वरून पडणाऱ्या उजेडात रंग आणि चमक दिसते. प्लेट खिडकीकडे धरली की खालून येणाऱ्या उजेडात पारदर्शकपणा दिसतो. टॉर्च बाजूने, अगारच्या जवळजवळ समांतर धरली की उंचसखलपणाच्या सावल्या पडतात. एका ट्यूबलाइटखाली सगळे दिसत नाही.

साइझ मिलिमीटरमध्ये मोजायचा. पारदर्शक पट्टी प्लेटच्या तळाला लावून एकाच तऱ्हेच्या चार-पाच मोकळ्या कॉलन्या मोजायच्या आणि '२ ते ३ मिमी' असा पल्ला लिहायचा. 'स्मॉल', 'मीडियम', 'लार्ज' हे ज्याच्या-त्याच्या मनाचे माप आहे. एक मिलिमीटरपेक्षा लहान, टाचणीच्या टोकाएवढी कॉलनी असेल तर 'पंक्टिफॉर्म' हा शब्द आहे. इतक्या लहान कॉलनीचा काठ आणि उंची भिंगाशिवाय सांगायची नाही.

फॉर्म आणि मार्जिन: या दोन रकान्यांची गल्लत

फॉर्म म्हणजे वरून पाहिल्यावर पूर्ण कॉलनीची आकृती. मार्जिन म्हणजे तिचा काठ जवळून कसा आहे ते. भाकरीवरून समजते. भाकरी गोल आहे, हा फॉर्म. कळण्याच्या भाकरीचा काठ थापताना बारीक चिरतो, ते मार्जिन. भाकरी गोल असूनही काठ चिरलेला असू शकतो. म्हणून 'फॉर्म सर्क्युलर, मार्जिन इरोज' हे वर्णन चूक नाही. विद्यार्थी मात्र काठ चिरलेला दिसला की घाबरून फॉर्मच्या रकान्यातही 'इरेग्युलर' लिहितात.

फॉर्मला चारच शब्द बहुतेक वेळा पुरतात. सर्क्युलर म्हणजे गोल. इरेग्युलर म्हणजे जिला ठरावीक आकृती नाही अशी. फिलामेंटस म्हणजे सगळी कॉलनीच धाग्यांची, ब्रेडवरच्या बुरशीसारखी. रायझॉइड म्हणजे मध्यापासून फांद्या फुटत गेलेली, उपटलेल्या रोपाच्या मुळांसारखी. शेवटच्या दोघांत फरक असा की रायझॉइडमध्ये एका धाग्याला दुसरा फुटलेला दिसतो. आपल्या काळ्या मातीच्या प्लेटवर बॅसिलस मायकॉइडिस आला तर रायझॉइड म्हणजे काय ते एकदाच पाहून कायमचे कळते. त्याच्या फांद्या एकाच दिशेने वळत जातात, आणि दोन दिवसांत तो बाकीच्या कॉलन्यांवरून पसरतो. तो दिसला तर बाकीच्यांचे वर्णन त्याच दिवशी उरकून घ्या.

मार्जिनसाठी भिंग हवेच. एन्टायर म्हणजे अखंड, कंपासने काढल्यासारखा काठ. अन्ड्युलेट म्हणजे हलक्या लाटा. लोबेट म्हणजे खोल खाचा पडून पाळ्या झालेल्या. इरोज म्हणजे बारीक, अनियमित दातेरी. फिलामेंटस म्हणजे काठातून धागे बाहेर आलेले. कर्ल्ड म्हणजे काठालगत केसांच्या बटांसारखी समांतर वळणे.

अन्ड्युलेट आणि लोबेट यांच्यात वाद नेहमी होतो. मी वापरते ते ठोकताळे माझे आहेत, पुस्तकातले नाहीत: खाच जेवढी रुंद त्यापेक्षा खोल असेल तर लोबेट, नाहीतर अन्ड्युलेट. तुम्ही वेगळा ठोकताळा धरा, हरकत नाही. पण तो जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि वर्षभर तोच पाळा.

एलिव्हेशन वरून दिसत नाही

सगळ्यात जास्त अंदाजपंचे भरला जाणारा रकाना हा. प्लेट बाकावर ठेवून, वरून वाकून पाहत 'कॉन्व्हेक्स' लिहिले जाते. वरून पाहताना उंची कळणे शक्यच नाही.

बंद प्लेट डोळ्यांच्या रेषेत आणा, जसे आपण पिपेटमधली पातळी वाचतो तसे. मागे काळा कागद धरा. आता कॉलनीची बाजूची रेषा दिसते, आणि ती रेषाच वहीत काढायची. शब्द नंतर. खाली एक आडवी रेघ म्हणजे अगार आणि तिच्यावर जे दिसले ते. ही पाव इंचाची आकृती कित्येकदा शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण शब्द चुकला तरी आकृतीवरून दुरुस्त करता येतो.

रेघ अगारला चिकटूनच राहिली तर फ्लॅट. काठाशी सरळ वर चढून माथा सपाट राहिला तर रेझ्ड, रुपयाच्या नाण्यासारखे. केळीच्या पानावर पाण्याचा थेंब बसतो तशी सावकाश चढणारी कमान असेल तर कॉन्व्हेक्स. कमान फारच उंच, गादीच्या उशीसारखी फुगलेली असेल तर पल्व्हिनेट. कमानीच्या मध्यावर आणखी एक टेंगूळ असेल, जुन्या ढालीच्या मध्यावर असते तसे, तर अम्बोनेट. मध्य खचलेला आणि कडा वर असेल तर क्रेटरिफॉर्म.

लहान कॉलनी बाजूने नीट दिसत नसेल तर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. ही युक्ती चमकदार कॉलनीवरच चालते. झाकण किंचित उचलून प्लेट अशी वळवायची की ट्यूब कॉलनीत दिसेल. कमानीवर ती आक्रसून लहान, लखलखीत रेघ होते. सपाट माथ्यावर ती बरीचशी पसरट राहते आणि काठाशी एकदम मोडते. मध्ये टेंगूळ असेल तर चमकेचे दोन तुकडे होतात. रेझ्ड आणि कॉन्व्हेक्स यांच्यातला घोळ मी बहुतेक वेळा असाच सोडवते.

पृष्ठभाग आणि कन्सिस्टन्सी: डोळ्यांचे वेगळे, निडलचे वेगळे

'टेक्स्चर' या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात आणि त्या निराळ्याच लिहायला हव्यात. पृष्ठभाग डोळ्यांनी दिसतो: स्मूथ, रफ, सुरकुतलेला म्हणजे रिंकल्ड, पिठूळ म्हणजे पावडरी, चमकणारा म्हणजे ग्लिसनिंग, निस्तेज म्हणजे डल. कन्सिस्टन्सी मात्र निडल लावल्याशिवाय कळत नाही. चमकणारी कॉलनी म्हणजे म्यूकॉइड, हे समीकरण खोटे आहे. लोण्यासारखी कॉलनीही चमकते.

निडल तापवून पूर्ण गार होऊ द्या. गरम निडलला कॉलनी करपून चिकटते आणि कोरडी वाटते. मग कॉलनीच्या काठाला टोक लावून हळू वर उचला. निडलला लोण्यासारखा गोळा आला आणि मागे तार राहिली नाही तर ब्युटिरस. भेंडी कापल्यावर सुरीला तार येते तशी तार आली तर व्हिस्कस किंवा म्यूकॉइड. ही तार किती मिलिमीटर आली तेही लिहा. कॉलनी पापडासारखी तुटून कपचा निघाला तर ब्रिटल. टोक रुतेचना, कॉलनी अगारला मुळासकट धरून बसली आणि ओढल्यावर अगारचा तुकडा सोबत आला तर लेदरी, चिवट.

शंका राहिली तर काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात थोडी कॉलनी घोटा. स्मूथ कॉलनी सहसा एकसारखी दुधाळ होते. रफ कॉलनीचे दाणे तसेच तरंगत राहतात. 'इमल्सिफाय होते' किंवा 'दाणेदार राहते' एवढे लिहिले तरी महिन्याभराने उपयोगी पडते.

हा रकाना भरताना मला १९२८ मधला फ्रेडरिक ग्रिफिथ आठवतो. न्यूमोकॉकसच्या स्मूथ कॉलन्या उंदरांना मारत होत्या, रफ कॉलन्या मारत नव्हत्या. स्मूथपणा कॅप्स्युलमुळे होता. मेलेल्या स्मूथ पेशी आणि जिवंत रफ पेशी एकत्र टोचल्यावर उंदीर मेले आणि त्यांच्यातून जिवंत स्मूथ कॉलन्या मिळाल्या. जनुकीय द्रव्य एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते, याचा पहिला पुरावा असा पृष्ठभागाच्या नोंदीवर उभा होता.

आपल्या बाकावर याचा अर्थ साधा आहे. शुद्ध केलेल्या कल्चरमध्ये एखादी कॉलनी वेगळ्या पृष्ठभागाची दिसली तर लगेच 'कंटॅमिनेशन' लिहून टाकू नका. ती खरेच बाहेरची असेल किंवा त्याच जीवाणूचे दुसरे रूप असेल. बॅसिलस सबटिलिस तर यासाठी प्रसिद्धच आहे. शुद्ध असूनही प्लेट मिसळलेली वाटते. दोन्ही रूपे वेगवेगळी स्ट्रीक करा, ग्राम स्टेन करा आणि तोवर वहीत दोन्हींचे वर्णन ठेवा.

ओपॅसिटी सोपी आहे. छापील कागद प्लेटखाली धरा. अक्षरे वाचता आली तर ट्रान्सपरंट, काळे डाग दिसले पण वाचता आले नाही तर ट्रान्सल्युसंट, काहीच दिसले नाही तर ओपेक. कॉलनीचा मध्य ओपेक आणि काठ ट्रान्सल्युसंट असेल तर तसेच लिहा. रंगाच्या बाबतीत एक काळजी घ्या: रंग कॉलनीतच आहे की मीडियममध्ये उतरला आहे? प्लेट उलटी करून पांढऱ्या कागदावर ठेवा. कॉलनीभोवतीचा अगारही रंगला असेल, जसा काही स्युडोमोनासमध्ये हिरवट होतो, तर ती वेगळी नोंद आहे. मोबाइलने फोटो जरूर काढा, पट्टी सोबत ठेवून. पण मोबाइल पांढऱ्या रंगाचा समतोल स्वतःच बदलतो, तेव्हा रंग डोळ्यांनी पाहूनच लिहायचा.

रावेरची प्लेट, चोवीस तासांनी आणि पुढे

त्या प्लेटवर चोवीस तासांनी चाळीसएक कॉलन्या होत्या. दुरून बहुतेक सगळ्या पांढऱ्याच. एका विद्यार्थिनीने रफ वहीत तीन कॉलन्या निवडल्या आणि त्यांना क, ख, ग म्हटले. प्लेटच्या तळाला मार्करने त्यांच्याभोवती गोल केले. झाकणावर खूण करायची नाही, कारण झाकण फिरते.

क ची नोंद अशी झाली: 'साइझ ४ ते ६ मिमी. फॉर्म इरेग्युलर. एलिव्हेशन फ्लॅट. मार्जिन अन्ड्युलेट, सगळ्या बाजूंनी सारखा. पृष्ठभाग डल, घासलेल्या काचेसारखा, बारीक दाणेदार. रंग मळकट पांढरा, अगारमध्ये रंग नाही. ओपेक. कन्सिस्टन्सी कोरडी, निडलने कपचा निघतो. सलाइनमध्ये दाणे राहतात.' इथे तिला 'बॅसिलस' लिहायचा मोह झाला. मी थांबवले. असे रूप बॅसिलस सीरियससारख्यांचे असते हे खरे, पण ते ग्राम स्टेन आणि स्पोअर स्टेननंतर, वेगळ्या ओळीत, वेगळ्या तारखेने. दिसलेले आणि समजलेले एका ओळीत आले की पुढे समज चुकली तर दिसलेल्यावरचाही विश्वास जातो.

ख: 'साइझ २ मिमी. सर्क्युलर, कॉन्व्हेक्स, एन्टायर. पृष्ठभाग स्मूथ, ग्लिसनिंग. रंग दुधी. कन्सिस्टन्सी म्यूकॉइड, निडलला ५ मिमी तार.'

ग: 'साइझ १ ते १.५ मिमी. सर्क्युलर, कॉन्व्हेक्स, एन्टायर. स्मूथ, ग्लिसनिंग. रंग पांढरा. ओपेक. ब्युटिरस, सहज इमल्सिफाय.'

दुसऱ्या दिवशी त्याच तासाला पुन्हा पाहिले. क दहा मिलिमीटरला गेली, मध्यावर सुरकुत्या पडल्या. ग वाढली थोडीशीच, दोन मिलिमीटर, पण रंग स्वच्छ लिंबोणी पिवळा झाला. पहिल्या दिवशीचे 'पांढरा' खोडून तिथे 'पिवळा' लिहायला ती निघाली होती. पहिली नोंद खोडायची नाही. २४ तासांना पांढरा आणि ४८ तासांना पिवळा, हीच या कॉलनीची खूण आहे. म्हणून जर्नलमध्ये प्रत्येक कॉलनीपुढे २४, ४८ आणि ७२ तासांचे तीन रकाने आखा. जिथे बदल नाही तिथे 'बदल नाही' असे लिहा, कोरे ठेवू नका. कोरा रकाना पाहिलेच नाही असे सांगतो.

चौथ्या दिवशी प्लेटच्या रिकाम्या जागेत एक नवी कॉलनी दिसली, तिला घ म्हटले. तीन मिलिमीटर, गोल, मध्य किंचित उंच, वर राखी भुकटी भुरभुरल्यासारखी. निडल रुतेना. उचलायला गेलो तर अगारचा तुकडा सोबत आला. स्ट्रेप्टोमायसिससारखे जीवाणू असे सावकाश येतात. चोवीस तासांना प्लेट पाहून बादलीत टाकणाऱ्याच्या जर्नलमध्ये ते कधीच नसतात. मातीची प्लेट निदान पाच दिवस ठेवायची असेल तर ती वाळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी लागते, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. काम संपले की प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना घालूनच टाकायच्या.

पण कसोटी दुसऱ्याच दिवशी, ४८ तासांच्या नोंदीनंतर घेतली होती. तळावरच्या मार्करच्या खुणा पुसल्या, आणि वही शेजारच्या बाकावरच्या मुलाला दिली. क त्याने लगेच दाखवली. ग रंगावरून सापडली. ख ला मात्र त्याचे बोट दोन कॉलन्यांवर थांबले. दोन्ही दोन मिलिमीटरच्या, गोल, फुगीर, चमकदार, दुधी.

'मॅडम, दोनपैकी कोणती?'

निडल लावली तर दोन्हींना तार आली. मग प्लेटखाली छापील कागद धरला. एकीतून अक्षरांचे काळे डाग दिसत होते, दुसरीतून काहीच नाही. वही पाहिली तर क आणि ग च्या नोंदीत ओपॅसिटी होती, ख च्या नोंदीत नव्हती. तिने पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोत आपली ख जागेवरून ओळखली, ती ओपेक होती. ख च्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घालून तिने लिहिले: '४८ तास, ओपेक. २४ तासांना पाहिले नव्हते.' आणि ट्रान्सल्युसंट होती तिला वेगळे अक्षर देऊन नवी ओळ सुरू केली.